कडकमावशींच्या कोपराचं वय

आमच्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कडकमावशींचं राज्य होतं. हे नाव त्यांना कांजीवरून पडलं की बोलण्यावरून, यावर दोन मतं आहेत. चादर त्यांच्या हातातून निघाली की उभी करून ठेवता येईल इतकी ताठ, आणि एखाद्या डॉक्टरने एप्रनवर शाईचा डाग पाडून आणला की त्याच्याशी होणारं बोलणंही तितकंच ताठ. "पेनाला टोपण असतं, डॉक्टर. शिकताना सांगितलं नाही का कुणी?" असं त्या एका शल्यविशारदाला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. तो बिचारा पोटं फाडणारा माणूस, पण त्या दिवसापासून शाईचं पेन वापरेनासा झाला.

लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात शिलाईचं एक मशीन होतं. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, खिसे गेलेले एप्रन सगळं तिथे यायचं. मावशींची आई घरी शिवणकाम करायची. तिच्याकडून मशीन चालवणं, दोरा दातांनी तोडणं आणि काहीही टाकून न देणं एवढ्या तीन गोष्टी मावशींकडे वारसाहक्काने आलेल्या. माझा एक्स-रे विभाग लॉन्ड्रीच्या बरोबर समोर. माझ्या एप्रनचा खिसा दर दोन महिन्यांनी फाटायचा, कारण मी त्यात शिशाची अक्षरं ठेवतो. फिल्मवर डावं-उजवं, तारीख, नंबर उमटवायला ती लागतात. "खिशात शिसं घेऊन माणूस फिरतो का कधी? शिकारीला निघालात का?" असं दर वेळी ऐकून घ्यायचं आणि नवा खिसा लावून घ्यायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार.

तर या मावशींचं वय हा सगळ्या प्रकरणाचा मुद्दा आहे.

तीस वर्षांपूर्वी त्या कामाला लागल्या, तेव्हा जन्माचा दाखला नव्हता. गावात नोंद ठेवणारं कुणी नव्हतं, शाळा तर दुरूनही पाहिलेली नाही. भरतीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना वर-खाली पाहिलं. कपाळाशी चार केस पिकलेले, पुढचे दात झिजलेले, उन्हातान्हात राबून चेहरा रापलेला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'दिसण्यावरून वय सुमारे तीस.' कारकुनाने त्यातला 'दिसण्यावरून' गाळला, 'सुमारे' गाळला, आणि वर्षाची पहिली तारीख घालून जन्मदिनांक पक्का केला. आमच्याकडे निम्म्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांचा जन्म वर्षाच्या पहिल्या तारखेला झालेला आहे. एवढी बाळंतपणं एका रात्रीत कुठल्याही इस्पितळाला झेपली नसती.

हे सगळं चोवीस वर्षं चाललं. कारण वय विचारणार कोण? पण सहा वर्षांपूर्वी कुणीतरी निवृत्तीची यादी लावली, तेव्हा मावशींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "मी एवढी म्हातारी नाही." त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज दिला. सहा वर्षं तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर विश्रांती घेत गेला. मी सांगतोय त्या वेळी कागदावरच्या साठीला, म्हणजे निवृत्तीला, फक्त चार महिने उरले होते.

चार महिन्यांनी नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर क्वार्टर. इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्या. तिथे मावशी आणि त्यांची मुलगी. मुलगी आमच्याच नर्सिंग कॉलेजात, अजून दोन वर्षं बाकी. वसतिगृह भरलेलं, आणि बाहेर खोली घेऊन शिकणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं. म्हणजे मावशींचं वय हे मुलीच्या शिक्षणाचं वय होतं.

आस्थापना विभागात एक कारकून आहेत, त्यांना आम्ही रकानेसाहेब म्हणतो. त्यांचा देवावर विश्वास आहे की नाही माहीत नाही, पण रकान्यावर आहे. मावशी सहाव्यांदा त्यांच्या खिडकीशी गेल्या, तेव्हा मी माझ्या रजेच्या अर्जासाठी मागे उभा होतो.

"मावशी, पुरावा?"

"अहो, मीच पुरावा आहे. समोर उभी आहे ना!"

"उभं राहणं चालत नाही. कागद लागतो. शेवटचा उपाय म्हणजे वैद्यकीय मंडळ. ते हाडं-दात बघून वय ठरवतात."

"मग सहा वर्षं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही."

मावशी खिडकीपासून हलल्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याचा एप्रन असता ना, तर कांजीत उभा बुडवला असता." रकानेसाहेब एप्रन घालत नाहीत, हे त्यांचं नशीब.

वैद्यकीय मंडळ म्हणजे न्यायवैद्यक विभागाच्या डॉक्टरबाई, दातांचे एक डॉक्टर, आणि फिल्म काढायला मी. मावशींना वाटलं होतं, झाडाचं खोड कापून वलयं मोजतात तसं काहीतरी असेल. आत आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "कापाकापी नको, बाकी काय ते मोजा."

दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं. "अक्कलदाढा आहेत, केव्हाच आलेल्या. मुळं पूर्ण बंद. पुढचे दात खूप झिजलेत. मावशी, काय चघळता?"

"दोरा."

"म्हणजे?"

"दोरा तोडते दातांनी. चाळीस वर्षं. ही खाच बघा, इथे दोरा बरोबर बसतो."

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला आणि खिन्न होऊन डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "झीज धरली तर या सत्तरीच्या आहेत. पण ही झीज वयाची नाही, शिलाईची आहे. एक्स-रेत दाताच्या आतली पोकळी थोडी अरुंद झालेली दिसते, म्हणजे मध्यमवय उलटलंय एवढंच. नेमकं म्हणाल तर..." त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवून दिला.

मी छातीच्या हाडाची आणि कण्याची फिल्म काढली. डॉक्टरबाईंनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. छातीच्या हाडाचं खालचं टोक मधल्या भागाला जुळलेलं, म्हणजे चाळिशी उलटून गेलेली. वरचा तुकडा मात्र अजून वेगळा. तो पुष्कळ माणसांत म्हातारपणीही वेगळाच राहतो, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. कण्याच्या मणक्यांना कडेने चोची आलेल्या, फासळ्यांच्या कूर्चेत चुना साठलेला. सगळं चाळिशीनंतरचं. पण चाळिशीनंतर किती, हे हाडं सांगेनात.

"पन्नास ते पासष्ट," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि स्वतःवरच चिडल्या. त्या प्रामाणिक बाई होत्या, प्रामाणिक माणसं स्वतःवर जास्त चिडतात. "याहून नेमकं लिहिलं तर ते खोटं होईल."

"पण मी पंचावन्नाची असेन, तेही यात बसतं ना?" मावशींनी विचारलं.

"बसतं."

"आणि साठही बसतं?"

"तेही बसतं."

"मग मोजलं काय तुम्ही?"

डॉक्टरबाईंनी पेटीचा दिवा बंद केला. "हे बघा, मावशी. माणूस वाढत असतो तोवर हाडं घड्याळासारखी चालतात. अमुक हाड अमुक वर्षी उगवतं, तमुक वर्षी जुळतं. पंचविशीच्या आसपास वाढ संपली की ते घड्याळ थांबतं. पुढे फक्त झीज. आणि झीज कुणाची किती, हे ज्याच्या त्याच्या कष्टावर. तुमच्या लहानपणीची एखादी फिल्म असती ना, तर मी दोन वर्षांच्या फरकाने सांगितलं असतं."

मावशींनी डावा हात पुढे करून सरळ सोडला. कोपरापासून खालचा भाग अंगाच्या दिशेने वाकडा गेला. हे वाकडं कोपर सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं, शिवताना ते विचित्र कोनात बाहेर यायचं आणि कुणी शेजारी बसू शकायचं नाही.

"लहानपणी भिंतीवरून पडले होते. तालुक्याच्या इस्पितळात फोटो काढला होता म्हणे. आईने हाड नीट बसायची वाट न बघता घरी आणलं, शिवणकाम खोळंबलं होतं. तो फोटो कुठे गेला, देव जाणे."

डॉक्टरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "कुठल्या वर्षी?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

पुढचे तीन महिने मावशींनी आणि त्यांच्या मुलीने पेट्या उलट्या-सुलट्या केल्या. भावाकडे निरोप गेला. त्याने कळवलं की आईच्या सामानातलं काहीच उरलं नाही, एक शिवणाचा डबा तेवढा तूच नेलास. तालुक्याच्या इस्पितळाच्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मुलगी स्वतः जाऊन पाहून आली, तिला एक वही दाखवली गेली. त्यात वाळवीने कोरलेली नक्षी सुंदर होती, आणि अक्षर एकही नव्हतं.

मंडळाचा अहवाल 'पन्नास ते पासष्ट' असा गेला. रकानेसाहेबांनी तो वाचायला पंधरा मिनिटं खर्चली. "नोंदीतलं साठ या मर्यादेत येतं, म्हणजे नोंद चुकीची ठरत नाही. सबब नोंद कायम."

"पण माझं पंचावन्नही त्याच मर्यादेत येतं!"

"येतं. पण ते नोंदीत नाही."

मुलगी खिडकीसमोरच रडकुंडीला आली. मावशी तिला हाताला धरून घेऊन गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "रडू नको. याच्यासमोर रडलीस तर अश्रूंचाही रकाना मागेल."

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात निरोप समारंभ झाला. पुष्पगुच्छ, भाषणं, आणि एक भिंतीवरचं घड्याळ. वेळ संपली तेव्हाच माणसाला घड्याळ देण्याची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा भेटायला हवं. मावशींनी ते काखेत धरलं आणि म्हणाल्या, "चालतंय तरी का बघा." सेल काढून घेतलेला होता.

शेवटच्या दिवशी माझा खिसा पुन्हा फाटला. मी मुद्दामच गेलो, खोटं कशाला बोलू. निरोप घ्यायला काहीतरी निमित्त लागतं. मावशी शिवणाचा डबा नवीन येणाऱ्या बाईच्या हवाली करण्यासाठी आवरत होत्या. एप्रन घेऊन म्हणाल्या, "शेवटचा खिसा. आता शिसं तोंडात ठेवा." त्यांनी डब्यातून खिशाचा साचा काढला. काळा, जाड, खाली दोन्ही कोपरे तिरपे कापलेला. एका बाजूवर जुना कागद चिकटवलेला, दुसरी बाजू खडूच्या रेघांनी पांढरी झालेली. त्यांनी तो कापडावर ठेवला आणि कडेने खडू फिरवायला लागल्या. तीस वर्षं इस्पितळातल्या प्रत्येक एप्रनचा खिसा या साच्यावर कापला गेला होता.

मी सहज तो उचलला. आणि हात थांबला.

माझं आयुष्य फिल्म हाताळण्यात गेलंय. डोळे बांधूनसुद्धा मला तिचा कडकपणा कळतो, कडेची धार कळते, वाकवली की होणारा तो बारीक आवाज कळतो.

"मावशी, हे काय आहे?"

"आईचा साचा. काळं प्लास्टिक. लहानपणापासून आहे. आई म्हणायची पुठ्ठा झिजतो, हे झिजत नाही."

"मी याच्यावरचा कागद काढू?"

"काढा की. आता माझं काय काम त्याचं!"

मी नळाखाली ओलं फडकं घेऊन तो कागद हळूहळू भिजवला. ओली फिल्म घासली तर चित्र निघून जाईल, ही भीती. कागद निघाला, खडू निघाला. मी साचा खिडकीसमोर धरला.

एका लहान मुलीचं कोपर. कोपराच्या वर दंडाचं हाड आडवं तुटलेलं.

मावशींनी पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "बाई गं! माझ्याच हाडावर सगळ्यांचे खिसे कापत होते मी!"

आम्ही डॉक्टरबाईंकडे पळत गेलो. मावशी पळत, मी पळत, मुलगी कॉलेजातून पळत. डॉक्टरबाईंनी साचा पेटीवर लावला आणि आम्हाला बोलूच दिलं नाही.

"कोपरात लहानपणी हाडाचे सहा ठिपके एकामागून एक उगवतात. ठरलेल्या क्रमाने. हा पहिला, मोठा झालेला. हा दुसरा, हा तिसरा, तिन्ही नीट आहेत. हा चौथा बघा, नुकता आलाय, चुरा सांडल्यासारखा. मागच्या बाजूचा पाचवा अजून नाहीच. सहावा तर त्याच्याही नंतरचा." त्यांनी पुस्तक उघडलं, चित्राशी ताडून पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं. "मुलगी असेल तर सात ते नऊ. आणि या वयातच मुलांचं कोपर नेमकं इथे मोडतं."

"म्हणजे झालं!" मी म्हणालो.

"काही झालं नाही. ही फिल्म कुठल्या तारखेची?"

तारीख फिल्मच्या कोपऱ्यात असते. शिशाच्या आकड्यांनी उमटवलेली. आणि मावशींच्या आईने खिसा नीट बसावा म्हणून खालचे दोन्ही कोपरे तिरपे कापले होते.

मला त्या क्षणी त्या माउलीचा इतका राग आला, की काय सांगू. पन्नास वर्षं जपून ठेवलंन, आणि हवं होतं तेवढंच नेमकं कापलंन.

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी हात आपल्या एप्रनच्या खिशात घातले, म्हणजे पुन्हा त्या कोपराच्या मापातच. "तारखेशिवाय हे कुठल्याही सालातलं कोपर आहे."

मावशी मात्र शांत होत्या. "कोपरे कापले ना? मग ते असतील."

"कुठे?"

"आमच्या घरात काही टाकत नाहीत."

त्या लॉन्ड्रीत गेल्या आणि डबा उलटा केला. बटणं, सुया, रिळं, आणि त्यात एक काळा त्रिकोण. याने त्या कॉलर उलटवल्यावर तिची टोकं आतून ढकलून काढायच्या. तीस वर्षं. टोक घासून गुळगुळीत झालेलं. दुसरा त्रिकोण कधीच हरवला होता. मी तो एक घेतला, फडक्याने पुसला, आणि डोळे मिटून प्रार्थना केली, जी मी मशीन बिघडल्यावरच करतो.

उजेडात धरला. 'L'. डावा हात. त्याखाली नंबर. त्याखाली तारीख, एक आकडा घासलेला, तो महिन्याचा. साल स्वच्छ.

डॉक्टरबाईंनी त्रिकोणाची कापलेली कड साच्याच्या कडेला लावली. केसाएवढीही फट राहिली नाही. मग त्यांनी मला मावशींच्या डाव्या कोपराची नवी फिल्म काढायला लावली. वाकडं जुळलेलं हाड तिथेच, जिथे जुन्या फिल्ममध्ये मोड होता. त्यांनी कागद ओढला आणि मोठ्याने वाचत लिहिलं. "फिल्म अर्जदाराचीच असल्याचं मोड, बाजू आणि वाकडेपणा यांवरून सुसंगत. फिल्मच्या दिवशी वय सात ते नऊ. त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. सबब आज वय चोपन्न ते छपन्न."

"पंचावन्न लिहा ना, सरळ," मुलगी म्हणाली.

"नाही. हाड जेवढं सांगतं तेवढंच लिहायचं."

मला वाटलं, आता रकानेसाहेब पुन्हा मर्यादा-मर्यादा खेळणार. आणि खेळलेच. "चोपन्न ते छपन्न! मला रकान्यात एक तारीख हवी. दोन वर्षं रुंदीचा रकाना मी कुठून आणू?"

डॉक्टरबाई स्वतः खिडकीशी आल्या होत्या. त्या कधी येत नाहीत. "सगळ्यात जास्त धरा, छपन्न. त्यांच्या विरुद्ध धरा. तरी चार वर्षं राहतात. आणि नोंदीतलं साठ या मर्यादेत बसतं का, ते सांगा."

रकानेसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. ते मर्यादेच्या बाहेर होतं. त्यांचाच नियम त्यांच्या अंगावर आला होता, आणि त्यांना तो मोडता येत नव्हता, कारण ते तसले नाहीत. सहा वर्षं ज्या गोष्टीने आम्ही वैतागलो होतो, तिनेच शेवटी काम केलं. हे कबूल करताना मला आजही त्रास होतो.

आदेश निघाला. पण चार दिवस उशिरा. तोवर मावशी कागदोपत्री निवृत्त झाल्या होत्या, म्हणून त्यांना चार दिवसांची बिनपगारी रजा दाखवावी लागली, आणि रजेचा अर्ज मागच्या तारखेने चालत नाही म्हणून एक वेगळं पत्र. नवीन जन्मतारीख कुठली पडली? वर्षाची पहिली. फक्त साल बदललं.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. रकानेसाहेबांनी निरोपाचं घड्याळ परत मागितलं, कारण निवृत्तीच रद्द झाली होती. मावशींनी ते दिलं, सेल नसल्याची नोंद करून घेतली. आणि फिल्मचे दोन्ही तुकडे मूळ पुरावा म्हणून फाईलला जोडायचे होते.

ते द्यायच्या दिवशी मी माझ्या विभागातली एक खराब झालेली फिल्म घेऊन लॉन्ड्रीत गेलो. मावशींनी तिच्यावर जुना साचा ठेवला, कडेने खडू फिरवला, कात्रीने बाजू कापल्या. मग थांबल्या.

"कोपरे कापू का तिरपे?"

"कापा. पण तुकडे टाकू नका."

"टाकते कोण," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही त्रिकोण डब्यात टाकून डब्याचं झाकण लावलं. मग माझा एप्रन ओढला, उसवलेल्या खिशाचे धागे दातांनी तोडले, आणि म्हणाल्या, "चार वर्षांत किती खिसे फाडणार, ते आत्ताच सांगा. मला मुलीच्या शिक्षणाचंही बघायचंय."